सहा नंबरचं टेबल: काकांना चढलीय, समोर व्याही बसलेत, वेटरने काय बोलायचं?

मालवणहून तारकर्लीकडे जाताना लागणारं फॅमिली रेस्टॉरंट. बाहेर माडाखाली टेबलं, आत एसी हॉल, काउंटरमागे परमिट रूमचं लायसन फ्रेम करून लावलेलं. मी तिथे कॅप्टन, म्हणजे फ्लोअर माझ्याकडे. डिसेंबरच्या सुट्टीतला रविवार होता, हॉल भरलेला, आणि सहा नंबरवर कोल्हापूरकडची सात माणसं: पन्नाशी ओलांडलेले एक काका, काकू, त्यांची मुलगी, नवा जावई, जावयाचे आईवडील आणि काकांचा धाकटा भाऊ. लग्नानंतर दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र फिरायला आलेली. हे वेटरला ऑर्डर घेतानाच कळलं होतं, कारण काका दर दोन वाक्यांनी "आमचे व्याही, यांना आधी विचारा" असं म्हणत होते.

हे मुद्दाम आधी सांगतोय. मित्रांच्या टेबलावर एखाद्याला चढली तर फार तर हसाहशी होते आणि विषय संपतो. इथे तीच गोष्ट व्याह्यांसमोर घडली असती तर पुढची दहा वर्षं नातेवाइकांत चघळली गेली असती. म्हणून या केसमध्ये पेग थांबवणं हे अर्धंच काम होतं, आणि थांबवलाय हे समोरच्या बाजूला कळू न देणं हे उरलेलं अर्धं.

आता केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, काय होतं ते बघू. पावणेआठला बसले. काकांची व्हिस्की, लार्ज, ७:५५ ला. दुसरा लार्ज ८:१५. तिसरा ८:३५. व्याही बिअर घेत होते, सावकाश. भाऊपण बिअरच. जावई फ्रेश लाइम, सासऱ्यांसमोर घ्यायची नाही म्हणून. म्हणजे चाळीस मिनिटांत काकांच्या पोटात १८० मिली गेलेली, अख्खी क्वार्टर. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि माणसाचं शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅमच उतरवतं. म्हणजे ती क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास, मध्ये लिंबूपाणी द्या, ब्लॅक कॉफी द्या, तोंडावर पाणी मारा, काही फरक पडत नाही. कॉफीने झोप उडते, नशा तेवढीच राहते. आमच्याकडे नव्या पोरांना हे पटवायला फार वेळ लागतो कारण गावाकडे सगळ्यांकडे दारू उतरवायचा एकेक रामबाण असतो.

आणि केओटी फक्त आपल्याकडची मोजते ना. नंतर भावाकडून कळलं की होमस्टेवर संध्याकाळी सहाला काकांनी दोन स्ट्राँग बिअर मारल्या होत्या. ६५० मिलीची, ८ टक्केवाली एक स्ट्राँग बिअर म्हणजे अल्कोहोलच्या हिशोबात दोन लार्ज पेग. लोक "बिअरच तर होती" म्हणतात तिथेच गणित चुकतं. म्हणजे काका आमच्या दारात शिरले तेच जवळजवळ चार लार्ज पिऊन. वर सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारभर ऊन, जेवणाच्या नावाने दोन वडापाव. रिकामं पोट आणि उन्हात सुकलेलं शरीर. कोकणात पर्यटकांचं हे कायमचं आहे, दिवसभर पाण्यावर आणि उन्हात असतात, आणि घरी चार पेग पचवणारा माणूस इथे दोनमध्ये डुलायला लागतो.

वेटरला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं, तरी त्याने पकडलं. तोल जाणं, जीभ जड होणं या गोष्टी उशिरा दिसतात, त्यांची वाट बघत बसलात तर उशीर झाला. त्याने तीन गोष्टी पाहिल्या. काकांनी जमिनीच्या व्यवहाराची एक गोष्ट त्याला दहा मिनिटांत दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा पण पहिल्यांदाच सांगतायत अशी. दुसऱ्या पेगलाच त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, अजून जेवणाची ऑर्डर पण नव्हती. आणि सुरमईच्या तुकडीतला काटा काढताना बोटं दोनदा बाजूलाच पडली. यातली एकेक गोष्ट काहीच सिद्ध करत नाही, काही माणसं मुळातच मोठ्याने बोलणारी आणि दिलदार असतात. पण पावणेआठला आलेला माणूस शांत होता, आणि साडेआठचा माणूस वेगळा होता. तो कसा आला होता आणि आता कसा आहे एवढंच बघायचं, बाकी टेबलांशी तुलना करायची नाही.

बरं, आणखी एक. दारू प्यायल्यावर तिचा पूर्ण जोर चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. म्हणजे ८:३५ चा पेग सव्वानऊ-साडेनऊला बोलणार होता. आत्ता जो दिसतोय तो आधीच्या पेगचा माणूस आहे, तिसरा अजून यायचाय. म्हणून आम्ही पोरांना सांगतो की शंका आली की तिथेच हळू करा, खात्री व्हायची वाट बघू नका.

८:४० ला काकांनी बोट फिरवलं, रिपीट.

वेटर "हो काका" म्हणाला आणि काउंटरला न जाता माझ्याकडे आला. आमच्याकडे यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे, हॉलमध्ये कुणी ऐकलं तरी कळत नाही: "सहा नंबराक सोलकढी." त्याचा अर्थ त्या टेबलाची दारूची प्रत्येक केओटी आता कॅप्टनकडून जाणार. मी काउंटरला तेच सांगितलं आणि हॉलमधल्या दुसऱ्या दोन वेटरांना पण, "कॅप्टनाक इचारल्याशिवाय सहा नंबराक कायएक देव नको." ही पायरी गाळली की सगळं फुकट जातं. एक पोरगा नको म्हणतो, काका दुसऱ्याला हाक मारतात, त्याला काही माहीत नसतं, तो बिचारा पळत जाऊन लार्ज घेऊन येतो, आणि मग पहिला पोरगा खोटारडा ठरतो.

काउंटरवरच्याने त्याच्या परीने उपाय सुचवला, पेगात पाणी मारून देऊ का, त्यांना काय कळतंय आता. हे कुठे ना कुठे चालतं हे सगळ्यांना माहितीय. आम्ही करत नाही. साठ मिलीचे पैसे घेऊन तीस देणं ही फसवणूक आहे, पकडलं गेलं तर एक्साइजवाल्यांना तोंड दाखवायला जागा नाही, आणि चढलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळतं ते हेच की पेग पातळ आहे. मग जो तमाशा होतो तो पूर्ण हॉल बघतो.

"स्टॉक संपला काका" हे दुसरं आवडतं खोटं. पाच नंबरवर त्याच बाटलीतून ओततायत हे काकांना दिसतंय. आणि एक ब्रँड संपला तर ते दुसरा मागतील, तिसरा मागतील, तुम्ही किती ब्रँड संपवणार? "बार बंद झाला" पण तसंच, पावणेनऊला कुठला बार बंद होतो.

मग केलं काय? आधी वेळ काढला. पुढची दहा-बारा मिनिटं टेबलावर फक्त जेवणाच्या हालचाली झाल्या. पाण्याचा जग न मागता आला, काकांचा ग्लास आधी भरला. खारे शेंगदाणे आणि मसाला पापड उचलला, कारण खारट चकणा तहान वाढवतो आणि ती तहान पेगवर निघते. त्या जागी गरम तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि घावणे ठेवले. प्यायलेली दारू जेवणाने उतरत नाही, पण हात आणि तोंड कामाला लागतं आणि पुढची घाई कमी होते. काकांच्या ग्लासात दोन घोट शिल्लक होते, तो ग्लास कुणीही उचलला नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: भरलेला किंवा अर्धा ग्लास समोरून उचलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यांनी संपवला की मग उचलायचा, आणि जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे ताट सरकवायचं.

"माझा पेग कुठंय रे?" काकांनी विचारलं. वेटरचं ठरलेलं उत्तर: "वडे तळायला टाकलेत काका, पाच मिनिटांत कोंबडी-वडे लावतो. काकूंना तिखट चालेल ना?" प्रश्न काकूंकडे वळला, तिथून विहीणबाईंकडे, की त्यांना सोलकढी हवी का. यात खोटं काही नाही, पेग येतोय असंही तो म्हणाला नाही. पण ही युक्ती एकदाच चालते, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा चिडतात, कारण चढलेला माणूस बावळट नसतो, त्याला आपल्याला टोलवतायत हे बरोबर कळतं.

तेवढ्या वेळात टेबलावरचा आपला माणूस शोधायचा. मला यातला हा सगळ्यात कठीण भाग वाटतो आणि ट्रेनिंगमध्ये यावर कुणी बोलत नाही. सांगतात काय, तर सोबतच्या माणसाला विश्वासात घ्या. कुठल्या सोबतच्या? काकूंना सांगितलं तर त्या तिथेच रडवेल्या होतील किंवा नवऱ्याला चारचौघांत टोचून बोलतील, आणि रूमवर गेल्यावर त्याचा राग त्यांच्यावर निघू शकतो. बायकोला मध्ये घालायचं नाही, हा आमचा नियम आहे. जावई सासऱ्याला "बास करा" म्हणू शकत नाही, नव्या जावयाला तर ते शक्यच नाही. व्याह्यांना सांगणं म्हणजे ज्यांच्यापासून झाकायचंय त्यांनाच दाखवणं. मुलगी? ती बोलली असती, पण तिच्या सासूसासऱ्यांसमोर तिच्या बापाची गोष्ट तिच्याच तोंडून, नको. उरला धाकटा भाऊ. एका बिअरवर तासभर काढणारा, आणि काका मध्येच जोरात बोलले की ताटाकडे बघणारा. म्हणजे त्याला कळलेलं होतं.

भावाला टेबलावरून उठवायला निमित्त लागतं. त्यांची गाडी खरंच आमच्या टेम्पोच्या आड होती. मीच गेलो, "भाऊ, गाडी जरा मागे घ्यायला लागेल, चावी कुणाकडे आहे?" चावी काकांच्या खिशात निघाली. भावाने मागून घेतली. एका दगडात दोन कामं, भाऊ बाहेर आला आणि चावी काकांच्या खिशातून गेली, तीही कुणी मागितलीय असं न वाटता.

बाहेर त्याच्याशी जे बोललो ते एवढंच: "भाऊ, काकांचं ड्रिंक आम्ही आता थांबवतोय, जेवण लावतोय. टेबलावर कुणाला काही बोलणार नाही. तुम्ही फक्त परत मागवू नका, आणि ते उठले तर सोबत राहा. परत जाताना गाडी कोण चालवणार?" जास्त झाली, तोल जातोय, असं काही नाही. त्याच्या मोठ्या भावाबद्दल मत दिलं की तो भावाच्या बाजूने उभा राहणार, माझ्या नाही. तो म्हणाला, "बरं झालं तुम्हीच बोललात." दोन बिअरचं तेव्हाच सांगितलं. मी अजून एक विचारलं, शुगर आहे का, गोळी किंवा इन्सुलिन? नाही म्हणाला. हा प्रश्न विचाराच, कारण डायबेटिसवाल्याची शुगर खाली गेली तर घाम, अडखळणं, चिडचिड, असंबद्ध बोलणं हे सगळं प्यायल्यासारखंच दिसतं, आणि दारूने शुगर आणखी खाली जाते. तशा माणसाला जेवणाची वाट बघायला लावायचं नाही, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचं पाणी किंवा साधं गोड कोल्ड्रिंक, डाएटवालं नाही.

आता खरं वाक्य, जे काकांना सांगायचंय. ते टेबलावर सांगायचंच नाही असं आम्ही ठरवलं होतं. आमच्याकडे हात धुवायचं बेसिन मागच्या बाजूला आहे, टॉयलेटच्या पॅसेजमध्ये, हॉलमधून दिसत नाही. इतकं पाणी आणि बिअर पोटात असलेला माणूस अर्ध्या तासात तिथे येतोच. नऊ वाजता काका उठले, भाऊ मागे, आणि वेटर आधीच तिथे टिश्यू घेऊन उभा. आधी फरशी पुसून घेतली होती, ओल्या फरशीवर घसरले तर बाकी सगळं राहिलं बाजूला.

काका हात धुवून वळले तेव्हा वेटर बाजूला उभा राहिला, समोर नाही. वाट अडवल्यासारखं वाटता कामा नये. खांद्याला, दंडाला हात नाही. आवाज नेहमीपेक्षा खाली.

"काका, ड्रिंक्स आता मी इथे थांबवतोय. जेवण गरम लावलंय. वडे पहिले आणू की भात?"

"का? पैसे नाहीत काय माझ्याकडे?"

"पैशाचा विषयच नाही काका. आजच्याला आमच्याकडून एवढंच. वडे आणू की भात?"

"अरे मी किती घेतली? सांग, किती घेतली?"

"हिशोब सगळा काउंटरला आहे काका, निघताना दाखवतो. आज आमच्याकडून एवढंच."

"मालकाला बोलाव."

"बोलावतो ना. तुम्ही बसा, कॅप्टन तुमच्याकडे येतात."

वेटरने यात कुठेही "तुम्हाला जास्त झाली" म्हटलेलं नाही. ते म्हटलं की वाद सुरू होतो, जास्त झाली की नाही यावर, आणि चढलेला माणूस तो वाद जिंकेपर्यंत सोडत नाही, पाय सरळ टाकून दाखवतो, एकापासून शंभर म्हणून दाखवतो. "मी थांबवतोय" यावर वाद घालायला काही नाही, तो आमचा निर्णय आहे. किती पेग झाले हा आकडा सुद्धा द्यायचा नाही, दिला की तीनचे अडीच होतात आणि तुमची केओटी खोटी ठरते. दर वेळी तेच वाक्य, नवीन कारण नाही. नवीन कारण दिलं की त्यांना ते खोडायला मिळतं. आणि शेवटी प्रश्न जेवणाचा, दोन्ही उत्तरं आपल्याला चालणारी. "जेवणार का?" असं विचारलं तर "नाही, पेग आण" हे उत्तर तयारच असतं.

"वेटरने काका म्हणायचं की साहेब?" असं पोरं विचारतात. माणूस आला तेव्हा जे म्हणालात तेच शेवटपर्यंत. मघापर्यंत काका आणि नको म्हणताना एकदम साहेब केलं की त्याला लगेच परकं वाटतं, मामला पोलिसी झाल्यासारखा. आणि अरे-तुरे तर चुकूनही नाही, त्याने केलं तरी.

मी टेबलापाशी गेलो, त्यांच्या बाजूने वाकून. व्याही ज्या बाजूला होते त्याच्या उलट बाजूने. "काका, काही लागलं तर मला सांगा, मी इथेच आहे. आत्ता जेवण घ्या, गरम आहे." काका माझ्याकडे बघत राहिले, थोडा वेळ. मग वडा मोडला. राग गेला होता असं नाही. पण टेबलावर तो राग काढायचा तर व्याह्यांना कारण सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांनाही नको होतं. हे लक्षात घ्या, बहुतेक पाहुण्यांना स्वतःलाच तमाशा नको असतो, त्यांना मागे फिरायला वाट ठेवली की ते फिरतात. वाट बंद केली की अंगावर येतात.

सव्वानऊला घोळ व्हायची वेळ आलीच, आणि ज्या बाजूने अपेक्षा नव्हती तिकडून. व्याह्यांनी दुसऱ्या वेटरला बोलावून सांगितलं, "एक लार्ज आण, आमच्याकडून." बिअर पिणारा माणूस मधेच लार्ज व्हिस्की मागतो तेव्हा ती कुणासाठी हे सांगायला नको. पाहुणचाराला पाहुणचार, त्यांचंही काही चुकलं नाही. आणि त्यांना "काकांना देत नाही आहोत" सांगितलं की झालंच मग. त्या वेटरला मघाचं वाक्य आठवलं म्हणून बरं, तो म्हणाला, "काकांचं ताट लावलंय ना साहेब आता. तुमच्यासाठी बिअर घेऊन येऊ, की तुम्हालाही जेवणच लावू?" व्याह्यांनी ताट बघितलं, म्हणाले, जेवणच लाव. टेबलावर जेवण सुरू झालेलं असणं इथे कामी आलं, नुसता चकणा असता तर हे उत्तर देता आलं नसतं.

या सगळ्यात किचनच्या दारात दोन हेल्पर उभे राहून हसत होते, एकाच्या हातात मोबाइल. त्यांना आत पाठवलं. फ्लोअरवर एका टेबलाभोवती एका वेळी एकच माणूस, हा नियम यासाठीच आहे. तीन वेटर आणि कॅप्टन गोल करून उभे राहिले की पाच नंबर, सात नंबर, सगळे वळून बघतात, मग तुम्ही कितीही हळू बोला. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला आमच्याकडे दुसरी संधी नाही.

बिल. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट, म्हणून आमच्याकडे जेवणाचं आणि दारूचं बिल वेगळंच निघतं. या केसमध्ये त्याचा फायदा झाला, जेवणाचं बिल टेबलावर आलं आणि दारूचं भावाने काउंटरला भरलं. व्याह्यांसमोर तीन लार्जचा कागद फडकला नाही. काकांनी वेटरच्या खिशात घातलेली पाचशेची नोट पण तेव्हाच भावाला परत दिली, "काका आधीच देऊन बसले होते, तुम्ही बघा काय ते." शुद्धीत नसताना दिलेली टिप ठेवली तर सकाळी ती चोरी वाटते. भावाने शंभर ठेवले.

आता कोकणातली अडचण. जेवल्यावर काकांना समुद्रावर जायचं होतं. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, आणि गाज तर आमच्या टेबलापर्यंत ऐकू येते. रात्री बीचवर जीवरक्षक नसतो, पाण्यात अंधार, प्यायलेल्या माणसाला थंडी कळत नाही आणि किती आत गेलो ते कळत नाही. "नको काका, धोका आहे" असं म्हटलं की ते अजून हट्टाला पेटतात. भावाने म्हटलं, "दादा, वहिनी दमल्यात, सकाळी सगळेच जाऊ, यांना पण यायचंय." ते त्याचं त्याला सुचलं, आम्ही शिकवलं नव्हतं.

गाडी जावयाने चालवली, तो फ्रेश लाइमवर होता. भाऊ चालवायला तयार होता पण त्याने एक बिअर घेतली होती आणि मी स्पष्ट नको म्हटलं. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, एका मोठ्या बिअरने बऱ्याच जणांची ती ओलांडली जाते, पहिल्या वेळीच १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तारकर्ली-देवबागचा रस्ता म्हणजे अरुंद, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, समोरून बस आली की गाडी बाजूला घ्यावी लागते. जावई नसता तर रिक्षा. ती साडेदहाला शोधून मिळत नाही, इथे अ‍ॅपवर बोटं फिरवून काही येत नाही, म्हणून काउंटरला तीन ओळखीच्या रिक्षावाल्यांचे नंबर आहेत आणि शंका आली की नऊलाच एकाला सांगून ठेवतो. गाडी आमच्या आवारात राहिली तरी चालते, चावी काउंटरला, चिठ्ठी लावून.

हे सगळं चालतं ते माणूस बोलतोय, चालतोय तोपर्यंत. काकांच्या बाबतीत तसं होतं. पण एखादा टेबलावर डोकं टाकून झोपला तर "झोपू दे जरा, उतरेल" हे कधीच नाही, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात जात राहते. हाक मारून, खांदा हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची गॅप पडत असेल, अंग गार, ओठ निळसर दिसत असतील, तर पाहुण्याची लाज वगैरे तिथेच संपली. कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही, १०८ लावायचा, आणि गाडी येईपर्यंत एक माणूस शेजारी. जबरदस्तीने उलटी काढायची नाही, पाणी पाजायचं नाही. आणि कुणी हातच उचलला तर तिथे स्क्रिप्ट नाही, वेटरने मागे सरायचं, मालक आणि ११२.

रात्री बंद करताना रजिस्टरला चार ओळी लिहिल्या: टेबल नंबर, शेवटचा पेग ८:३५, ९ वाजता नको सांगितलं, गाडी जावयाने नेली. नाव लिहीत नाही. पुढे काही झालं, पोलीस आले, तर हीच नोंद कामाला येते.

सकाळी काकांचा चष्मा बेसिनवर सापडला आणि दहाच्या सुमारास फोन आलाच, त्यांचा स्वतःचा. याचंही वाक्य ठरलेलं असतं. काउंटरवरच्या पोराने एवढंच सांगितलं, "हो काका, आहे चष्मा, पुसून ठेवलाय, कधीही या." काका थोडं थांबून म्हणाले, "काल काही जास्त बोललो काय रे मी?" आता इथे पोरं एकतर सगळं सांगतात, नाहीतर "छे छे, काहीच नाही" म्हणतात आणि ते खोटं आहे हे काकांनाही कळतं. तो म्हणाला, "जेवण आवडलं म्हणालात काका. दुपारी याल तर बांगडे ताजे आहेत."

काका दुपारी आले, व्याह्यांना घेऊन. चष्मा भावाने आधीच गुपचूप नेला होता. वेटर तोच दिला, मुद्दाम, कारण दुसरा दिला असता तर काल काहीतरी झालं होतं असं टेबलाला वाटलं असतं. त्याने मेन्यूचं जेवणाचं पान उघडून ठेवलं, काकांनी स्वतःच पुढचं पान उलटलं आणि एक बिअर मागितली. त्याने आणली.